ग्रॅम स्टेन: एकाच स्लाइडवर जांभळे पण आणि गुलाबी पण रॉड्स, नक्की काय समजायचं?

पूर्वा_मायक्रो

नमस्कार मंडळी. बीएस्सी सेकंड इयर, मायक्रोबायॉलॉजी. प्रॅक्टिकलला एक अननोन कल्चर दिलंय आणि ते ग्रॅम पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे लिहून द्यायचंय. स्मिअर केला, हवेवर वाळवला, हीट फिक्स केला, मग क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, पाणी, ग्रॅम्स आयोडीन १ मिनिट, पाणी, मग ९५ टक्के अल्कोहोल रंग निथळायचा थांबेपर्यंत, लगेच पाणी, शेवटी सॅफ्रानिन १ मिनिट. ऑइल इमर्शनखाली लांब लांब रॉड्स दिसतायत पण काही गडद जांभळे आणि काही चक्क गुलाबी, आणि मधेच काही असे की धड जांभळे नाहीत धड गुलाबी नाहीत. पार्टनर म्हणते कल्चरच मिक्स झालंय. मला तसं वाटत नाहीये पण का वाटत नाही ते सांगता येत नाही.

दुसरं म्हणजे पुस्तकात वाचलंय की भिंत जाड असली की रंग राहतो, पातळ असली की जातो. पण का? जाड आहे म्हणून रंग का राहावा?

रसायनवाला

सोपं आहे. क्रिस्टल व्हायोलेट पेप्टिडोग्लायकनला चिकटतो. पॉझिटिव्ह जीवाणूंच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकन असतं, निगेटिव्हच्या भिंतीत नसतं, तिथे नुसती चरबी असते. चिकटायलाच काही नाही म्हणून अल्कोहोलने रंग धुतला जातो. तुझ्या स्लाइडवर दोन्ही रंग आहेत म्हणजे दोन जीवाणू आहेत. प्लेटवर स्ट्रीक कर, दोन प्रकारच्या कॉलनीज मिळतील, त्यातली एकेक घेऊन परत स्टेन कर.

चिंतामणी_ना

जरा वेगळा प्रश्न आहे पण विषय तोच दिसतोय म्हणून इथेच विचारतो. वडिलांचा लघवीचा रिपोर्ट आलाय, त्यात लिहिलंय ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय. निगेटिव्ह आहे म्हणजे इन्फेक्शन नाही असंच ना? मग डॉक्टरांनी अँटिबायोटिक का लिहून दिलंय? वय झालंय त्यांचं, उगाच औषधाचा मारा नको वाटतो. सुरू करू की थांबू?

भिंगवाली

चिंतामणीजी, थांबू नका, औषध डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सुरू करा. रिपोर्टमधे जीवाणू सापडलेत असंच लिहिलंय, निगेटिव्ह हा त्यांचा प्रकार झाला. सविस्तर खाली लिहिते, आधी पूर्वाचं बघू.

पूर्वा, काही विचारते त्याची उत्तरं दे, अंदाजाने नको, परत स्लाइड लावून बघ.

कल्चर किती जुनं आहे? गुलाबी रॉड्स आणि जांभळे रॉड्स लांबी-रुंदीला सारखेच आहेत का? रॉड्स एकामागे एक चेनमधे आहेत का, आणि असतील तर एकाच चेनमधे दोन्ही रंग दिसतात का? आणि एखाद्या रॉडच्या मधोमध किंवा टोकाजवळ रंग न घेतलेली अंडाकृती मोकळी जागा दिसते का? फिल्डच्या दाट भागात बघू नकोस, जिथे पेशी सुट्या सुट्या पसरल्यात तिथे बघ.

रसायनवाला, तुमचं निम्मं बरोबर आहे. पण निगेटिव्ह जीवाणूंनाही पेप्टिडोग्लायकन असतं, फक्त अगदी पातळ थर असतो, काही नॅनोमीटरचा. पॉझिटिव्हमधे तोच थर साधारण २० ते ८० नॅनोमीटर. आणि निगेटिव्हमधे त्या पातळ थराच्या बाहेर आणखी एक पडदा असतो, लिपिड असलेला, तो पॉझिटिव्हला नसतो. त्यामुळे फरक असण्या-नसण्याचा नाही.

पूर्वा_मायक्रो

ताई, बघितलं. स्लँट ३ दिवसांचं आहे, तेच सगळ्या बॅचला दिलंय. लांबी-रुंदी सारखीच वाटते. चेन आहेत, छोट्या आहेत, ४-५ रॉड्सच्या. आणि हो!! एका चेनमधे पहिले दोन जांभळे, तिसरा गुलाबी, चौथा जांभळा असं स्पष्ट दिसतंय. अशा बऱ्याच चेन आहेत. मोकळी जागा पण आहे, काही रॉड्समधे मधोमध चमकदार ठिपका असल्यासारखी.

भिंगवाली

मग तुझी शंका बरोबर आहे आणि कारण तुझ्या डोळ्यासमोरच आहे. चेन कशी होते? एक पेशी दुभागते, पुन्हा दुभागते आणि सुटी होत नाही. म्हणजे चेनमधले सगळे रॉड्स एकाच पेशीची पिल्लं. दोन वेगळे जीवाणू आलटून पालटून असे एका रांगेत जोडले जात नाहीत. त्यामुळे चेनमधे दोन्ही रंग असतील तर ते मिक्स कल्चर म्हणून नाही, एकाच जीवाणूच्या काही पेशींनी रंग धरला आणि काहींनी सोडला. (मिक्स नाहीच असं मात्र यावरून ठरत नाही, चेनबाहेर दुसरं काही असू शकतं, त्यासाठी स्ट्रीक करायला हरकत नाही.)

चेनमधले जाडसर रॉड्स, आत रंग न घेतलेला स्पोर, जुनं स्लँट. बॅसिलस असण्याची दाट शक्यता आहे. बॅसिलस पॉझिटिव्ह आहे पण कल्चर जुनं झालं की रंग सोडायला लागतो, क्लॉस्ट्रिडियमचंही तसंच. कॅनडातले टेरी बेव्हरिज यांनी यावर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने काम केलंय, १९९० मधे. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियममधे कल्चर जुनं होताना पेप्टिडोग्लायकनचा थर पातळ होत जातो आणि त्याच वेळी गुलाबी पेशींचं प्रमाण वाढत जातं असं त्यांना दिसलं. वाढ थांबली की पेशी नवी भिंत कमी बांधतात आणि स्वतःचीच एन्झाइम्स जुनी भिंत कुरतडत राहतात, सगळ्या पेशींमधे सारख्या वेगाने नाही, म्हणून शेजारी शेजारी दोन रंग.

आता तुझा दुसरा प्रश्न, जाड आहे म्हणून रंग का राहावा. हा पुस्तकात एका वाक्यात उरकतात आणि मुलांना आयुष्यभर वाटत राहतं की रंग फक्त जाड भिंतीतच शिरतो. तसं नाहीये. ४ स्मिअर कर आणि प्रत्येक पायरीनंतर एकेक थांबव. व्हायोलेटनंतर बघितलंस तर ई. कोलाय पण जांभळा आणि स्टॅफ पण जांभळा. आयोडीननंतरही दोघं जांभळेच, थोडे आणखी गडद. फरक पडतो तो तिसऱ्या पायरीला. अल्कोहोलनंतर स्टॅफ जांभळा आणि ई. कोलाय जवळजवळ रंगहीन, इतका की शोधायला त्रास होतो. सॅफ्रानिन फक्त त्या रंगहीन पेशी दिसाव्यात म्हणून. जांभळ्या पेशींनाही ते लागतं पण गडद रंगाखाली दिसत नाही.

आयोडीन काय करतं तर आधीच शिरलेल्या व्हायोलेटशी जुळून मोठा गोळा बनवतं, जो पाण्यात विरघळत नाही. पण अल्कोहोलमधे विरघळतो, हे लक्षात ठेव. म्हणजे अल्कोहोल दोन्ही प्रकारांमधून रंग ओढत असतं. निगेटिव्हमधे बाहेरचा लिपिडचा पडदा अल्कोहोलने फाटतो, खालचा पातळ थर अडवायला पुरत नाही, रंग भराभर बाहेर. पॉझिटिव्हमधे थर जाड आणि एकमेकांत बांधलेला, अल्कोहोल त्यातलं पाणी काढून घेतं, जाळी आवळते, आणि मोठा गोळा त्यातून सुटायला वेळ लागतो. फक्त वेळ लागतो! अल्कोहोल तसंच ठेवलं तर पॉझिटिव्ह पण शेवटी रंग सोडतात. म्हणून ही सगळी टेस्ट त्या १०-१५ सेकंदांवर उभी आहे आणि तिथे डोळ्याने ठरवायचं असल्यामुळे माणसागणिक उत्तर बदलतं.

रसायनवाला

ओके, निगेटिव्हमधे थर असतो हे मान्य. पण मग हे सगळं भिंतीच्या जाडीनेच होतं याला पुरावा काय? पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हमधे भिंत सोडून इतरही फरक असतीलच की. टायकोइक अॅसिड पॉझिटिव्हमधेच असतं, त्यावर निगेटिव्ह चार्ज असतो, व्हायोलेटवर पॉझिटिव्ह चार्ज. मला अजून वाटतं त्यालाच चिकटत असणार.

भिंगवाली

प्रश्न योग्य आहे. सगळ्यात सरळ पुरावा म्हणजे भिंत काढून बघणं. पॉझिटिव्ह जीवाणूची भिंत लायसोझाइमने खाऊन टाकली आणि उरलेल्या पेशीला ग्रॅम स्टेन केला तर ती रंग सोडते, निगेटिव्हसारखीच. आतलं सगळं तेच आहे, फक्त भिंत गेली. हीट फिक्स करताना स्लाइड जास्त तापवली तरी हेच होतं, भिंत फाटते आणि स्टॅफ गुलाबी दिसायला लागतो.

दुसरं, १९८३ मधे बेव्हरिज आणि डेव्हिस यांनी आयोडीनच्या जागी प्लॅटिनमचं संयुग वापरलं. ते व्हायोलेटशी तसाच गोळा करतं आणि प्लॅटिनम जड असल्यामुळे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधे काळं उठून दिसतं. ई. कोलाय आणि बॅसिलस सबटिलिस दोन्ही घेतले. अल्कोहोलनंतर ई. कोलायचा बाहेरचा पडदा उद्ध्वस्त आणि गोळे बाहेर गेलेले, बॅसिलसमधे गोळे अडकून राहिलेले.

टायकोइक अॅसिडचा व्हायोलेट आत यायला हातभार लागत असेल, पण नुसता चार्जच धरून ठेवत असता तर आयोडीनची गरज पडली नसती. आयोडीनची पायरी गाळून बघा, अल्कोहोलने पॉझिटिव्हचा रंग पण बराचसा निघून जातो.

रातपाळी

मी हॉस्पिटलच्या लॅबमधे आहे, रोज हेच करते. पूर्वा, दोन गोष्टी सांगते.

कधीही एकटा अननोन स्टेन करू नकोस. त्याच स्लाइडवर एका बाजूला स्टॅफ ऑरियसचा आणि दुसऱ्या बाजूला ई. कोलायचा ठिपका ठेव, मधे तुझा अननोन. अल्कोहोल तिघांवर एकदमच जातं. स्टॅफ गुलाबी निघाला तर अल्कोहोल जास्त झालं, ई. कोलाय जांभळा राहिला तर कमी झालं, दोन्ही वेळेस अननोनचं काहीही आलं तरी फेकून द्यायचं. आमच्याकडे पूचा स्मिअर येतो तेव्हा ही सोय स्लाइडवरच असते, पूमधल्या पांढऱ्या पेशी बघायच्या, त्यांचं केंद्रक गुलाबी हवं. केंद्रक जांभळं-निळं दिसत असेल तर रंग पुरेसा काढलाच नाहीये, त्या भागातल्या जांभळ्या जीवाणूंवर मी विश्वास ठेवत नाही, पुढच्या पातळ भागात जाते.

दुसरं, स्मिअर पातळ हवा. जाड ठिकाणी अल्कोहोल खालपर्यंत पोचत नाही आणि निगेटिव्ह पण जांभळे दिसतात. आणि अॅसिटोन मिसळलेलं डिकलरायझर असेल तर ते साध्या अल्कोहोलपेक्षा खूप झटपट काम करतं, २-३ सेकंदात पाणी मारायची तयारी हवी. बाटलीवर काय लिहिलंय ते आधी वाच.

आणि उलटी फसगत पण होते बरं का. असिनेटोबॅक्टर निगेटिव्ह आहे पण व्हायोलेट धरून ठेवायची खोड आहे त्याला. ब्लड कल्चरच्या बाटलीतून स्मिअर केला की आखूड जाडे जांभळे गोल दिसतात आणि बघणारा ग्रॅम पॉझिटिव्ह कोकाय असं कळवून टाकतो. मग डॉक्टर त्याप्रमाणे औषध देतात आणि ते लागू पडत नाही.

चिंतामणी_ना

मला हेच विचारायचं होतं. रंगावरून औषध कसं काय ठरतं? रंगाचा आणि औषधाचा काय संबंध?

भिंगवाली

संबंध भिंतीचा आहे, रंग फक्त भिंत कळवतो.

वडिलांच्या लघवीत जे सापडलं ते निगेटिव्ह रॉड्स आहेत, लघवीच्या इन्फेक्शनमधे बहुतेक वेळा ई. कोलाय असतो पण नक्की नाव कल्चरमधून कळेल. या गटाला बाहेरचा जादा पडदा आहे. त्या पडद्यातून पाण्यात विरघळणारे रेणू आत जायला पोरिन नावाच्या प्रथिनांच्या बारीक वाटा असतात आणि त्यातून साधारण ६०० डाल्टनपर्यंतचे रेणूच जातात. व्हॅन्कोमायसिन नावाचं औषध घ्या, भिंत बांधायच्या कामात खीळ घालणारं. स्टॅफवर उत्तम चालतं. पण त्याचा रेणू १४०० डाल्टनच्या वर आहे, ई. कोलायच्या पोरिनमधून जातच नाही. आत तेच पेप्टिडोग्लायकन आहे, औषध ज्याला धरतं ती जागा पण आहे, पण औषध दाराबाहेर. म्हणून कल्चरचा पूर्ण रिपोर्ट यायच्या आधी डॉक्टरांच्या हातात नुसता ग्रॅम स्टेन असला तरी अख्खा एक गट औषधांमधून बाद करता येतो.

जुनं पेनिसिलिन जी पण ई. कोलायवर फारसं चालत नाही, आणि तेच थोडं बदलून केलेलं अॅम्पिसिलिन पोरिनमधून जास्त चांगलं जातं म्हणून निगेटिव्हवरही वापरात आलं. आता त्यालाही बऱ्याच ई. कोलायनी दाद देणं सोडलंय, पण ते एन्झाइममुळे, भिंतीमुळे नाही. म्हणूनच सेन्सिटिव्हिटी रिपोर्टची वाट बघायची.

आणखी एक, त्या बाहेरच्या पडद्याच्या बाहेरच्या अंगाला लिपोपॉलिसॅकराइड असतं, त्यातला लिपिड ए हा भाग रक्तात गेला की थंडी वाजून ताप, बीपी खाली जाणं असं होऊ शकतं. म्हातारपणी लघवीचं इन्फेक्शन वर चढून रक्तात जायला वेळ लागत नाही. वडिलांना हुडहुडी भरली किंवा ते गोंधळल्यासारखं बोलायला लागले तर रिपोर्टसाठी थांबू नका, लगेच दाखवा.

चिंतामणी_ना

समजलं. गोळी आत्ताच दिली. सेन्सिटिव्हिटी परवा मिळणार आहे.

हळदीकुंकू२

मी मायक्रोची नाही पण वाचतेय. ग्रॅमसाहेबांना हे भिंतीचं माहीत होतं का?

भिंगवाली

नाही, अजिबात नाही. हान्स ख्रिश्चन ग्रॅम डॅनिश डॉक्टर, १८८४ मधे बर्लिनमधे फ्रीडलँडर यांच्याकडे काम करत होते. न्यूमोनियाने गेलेल्या लोकांच्या फुफ्फुसाचे काप घेऊन त्यात जीवाणू उठून दिसावेत एवढाच हेतू, म्हणजे भोवतीच्या टिश्यूचा रंग निघून जावा आणि जीवाणूचा राहावा. काही जीवाणूंचा पण रंग जातो, उदाहरणार्थ टायफॉइडचे, हे त्यांनी नोंदवलं आणि पद्धतीत उणिवा आहेत असंही लिहिलं. त्या उणिवेवरच पुढे सगळं वर्गीकरण उभं राहिलं. शेवटी सॅफ्रानिन लावायची पायरी पण त्यांची नाही, नंतरची आहे. भिंतीची रचना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यावर कळली.

पूर्वा_मायक्रो

ताई, परत केलं. नवीन स्लँटवर घेतलं, दुसऱ्या दिवशी, २० तासांच्या आसपास, एकाच स्लाइडवर तीन ठिपके. स्टॅफ जांभळा, ई. कोलाय गुलाबी, म्हणजे अल्कोहोल बरोबर पडलं. आणि अननोन जवळजवळ सगळा जांभळा! अधूनमधून एखादी गुलाबी पेशी आहे पण शोधावी लागते. मग मुद्दाम त्याच पद्धतीने जुन्या स्लँटचा पण केला, तर त्यात परत दोन्ही रंग, कंट्रोल्स बरोबर असूनही. म्हणजे अल्कोहोलचा दोष नाही, कल्चरच्या वयाचा आहे ना?

स्ट्रीक पण केलं, एकाच प्रकारच्या कॉलनीज आहेत, मोठ्या, कोरड्या, कडा वेड्यावाकड्या.

आता सर म्हणाले आणखी एखाद्या टेस्टने पक्कं कर. रंग न वापरता करता येईल असं काही आहे का?

रातपाळी

केओएच स्ट्रिंग टेस्ट. ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब स्लाइडवर घे, ताज्या कॉलनीतला लूपभर माल त्यात मिसळ, अर्धा मिनिट घोळत राहा आणि लूप हळूच वर उचल. निगेटिव्ह असेल तर लूपबरोबर चिकट तार वर येते, सेंटिमीटरभर तरी. अल्कलीने बाहेरचा पडदा आणि पातळ भिंत टिकत नाही, पेशी फुटतात, डीएनए बाहेर पडतो, ती तार त्याची असते. पॉझिटिव्हची जाड भिंत तग धरते, थेंब पाण्यासारखाच राहतो. माल भरपूर घे, कमी घेतला तर निगेटिव्हची पण तार येत नाही. ई. कोलाय शेजारी करून बघ म्हणजे तार कशी दिसते ते कळेल. आणि डोळ्यात उडू देऊ नकोस.

पूर्वा_मायक्रो

केलं. ई. कोलायला मस्त तार आली, अननोनला काहीच नाही, आणि जुन्या स्लँटवरूनही नाही! म्हणजे रंग सोडणाऱ्या पेशींची भिंत पण केओएचला पुरून उरली?

भिंगवाली

असं म्हणता येईल, पण जपून. जुन्या स्लँटमधे जांभळ्या पेशी पण भरपूर आहेत, गुलाबी पेशी थोड्या फुटल्या असतील तरी तार यायला पुरेसा डीएनए नसेल. पातळ झालेली असली तरी ती पॉझिटिव्हच्याच बांधणीची भिंत आहे, बाहेरचा पडदा काही तिला नव्याने येत नाही. तू निष्कर्ष लिहिताना ग्रॅम पॉझिटिव्ह लिही आणि जुन्या कल्चरमधे मिश्र रंग दिसला हे निरीक्षण गाळू नकोस, किती तासांचं कल्चर तेही लिही.

रसायनवाला

शोधता शोधता एक सापडलं. २०१५ मधे लेसरने एक प्रयोग झालाय, त्यात म्हणतात की ग्रॅम स्टेनच्या वेळात क्रिस्टल व्हायोलेट आतल्या पडद्याच्या पार जातच नाही, भिंतीच्या भागातच राहतो. मग मी म्हणत होतो ते अगदीच टाकाऊ नव्हतं, रंग भिंतीतच असतो!

भिंगवाली

तो पेपर मला माहितीये आणि तो विचार करायला लावणारा आहे. वर्षानुवर्षं आम्ही शिकवतो की रंग पेशीच्या आत जातो आणि भिंत त्याला बाहेर येऊ देत नाही. त्यांच्या मोजमापानुसार तो भिंतीच्या जाळीतच थांबतो आणि तिथूनच सुटायला जाड थरात वेळ लागतो. पण एक अडचण आहे, त्यांनी मोजलं ते द्रवात तरंगणाऱ्या जिवंत पेशींवर आणि आपण स्टेन करतो हीट फिक्स केलेल्या पेशींवर, तिथे आतला पडदा शाबूत असेल असं मी धरून चालणार नाही. जाड-पातळ भिंतीने सुटायचा वेग ठरतो यावर दोन्ही बाजू एक आहेत. गोळा नक्की कुठे बसलेला असतो यावर माझं मत अजून पक्कं नाही, आणि चिकटतो हे मात्र मी अजूनही मानत नाही, अडकतो म्हणा.

रसायनवाला

अडकतो चालेल. पण फिक्स केलेल्या पेशींवर तोच प्रयोग कुणी केलाय का ते बघायला हवं, मिळालं तर इथे टाकतो.

पूर्वा_मायक्रो

रसायनवाला, नक्की टाका. मी उद्या मॅलकाइट ग्रीनने स्पोर स्टेन करतेय, त्या मधल्या चमकदार ठिपक्यांचं काय ते बघायला. जुनंच स्लँट घेऊ ना ताई त्याला?

भिंगवाली

हो, त्याला जुनंच. २० तासांच्या कल्चरमधे स्पोर सापडायला फार शोधावं लागेल.